दहिवराच्या राजाची गोष्ट

मुलांना ‘एक गोष्ट रचा’ म्हणून सांगावे, आणि वहीत शाळेतल्या वाचनाचाच कुठला तरी तुकडा उतरलेला सापडावा, हा अनुभव आम्हां शिक्षकांना नवा नाही. अशा वेळी ‘चोरी’ हा शब्द फार चटकन तोंडी येतो. एकदा तो एका अकरा वर्षांच्या अंध व बधिर मुलीबद्दल उच्चारला गेला. तिचे नाव हेलन केलर.

१८९१ च्या शरदात, अलाबामातील आपल्या घरी, तिने एक गोष्ट लिहिली. दहिवराच्या राजाने आपली रत्ने पऱ्यांच्या हाती सांताक्लॉजकडे धाडली. पऱ्या वाटेत खेळत बसल्या, उन्हाने रत्ने वितळली आणि झाडांची पाने माणकासोन्याच्या रंगांनी न्हाली. घरच्यांनी विचारले, “हे कुठे वाचलेस का?” ती म्हणाली, छे, ही माझीच गोष्ट! बॉस्टनच्या अंधशाळेचे प्रमुख अनाग्नोस यांच्या वाढदिवसाला तिने ती भेट पाठविली. त्यांनी कौतुकाने ती छापली. मग कोणीतरी दाखवून दिले, की मार्गारेट कॅन्बी या बाईंच्या जुन्या पुस्तकात हीच गोष्ट आहे. नुसते कथानकच नव्हे, वाक्येच्या वाक्ये जुळत होती. कथानक दोघांना सुचू शकते. पण शब्दांची तीच ओळ, त्याच क्रमाने, दोघांना सुचत नाही. तेव्हा उसनवारी झाली होती, यात शंका नाही.

प्रश्न उरला तो जाणून की नकळत? शाळेने आठ जणांची समिती नेमली. चार अंध, चार डोळस. तिच्या शिक्षिका ॲन सलिव्हन यांना खोलीबाहेर पाठवून पोरीची उलटतपासणी झाली. मते चार-चार अशी पडली, आणि अनाग्नोस यांनी आपले मत तिच्या बाजूने टाकले. पुढे मात्र त्यांचेही मन फिरले.

माझ्या मते समितीने मुलीला विचारण्यापेक्षा तिच्या भोवतालच्यांना विचारायला हवे होते : हिला आजवर काय काय वाचून दाखविले? तो धागा पुढे सापडलाच. १८८८ च्या उन्हाळ्यात ब्रूस्टर गावी मिसेस हॉपकिन्स यांच्याकडे ती राहिली असता ते पुस्तक तिच्या तळहातावर बोटांनी अक्षर अक्षर उमटवून तिला वाचून दाखविले गेले होते. भाषा येऊन तिला तेव्हा पुरते दीड वर्षही झाले नव्हते! शब्द मनात राहिले. ते कुठून आले हे मात्र पुसले गेले. डोळ्यांनी वाचणाऱ्याला पुस्तकाचे पान, चित्र, पुठ्ठ्याचा रंग आठवतो. हिला कथा आणि गप्पा एकाच तळहातावर मिळत.

मूळ लेखिका कॅन्बीबाईंनी तर तिला मायेचे पत्र लिहिले. तरीही १९०३ च्या आत्मचरित्रात हेलन सांगते, की आईला पत्र लिहितानाही तिला धसका बसे, आणि वाक्य आपलेच ना, म्हणून ती ते पुन:पुन्हा तपासून पाही. गोष्ट रचण्याच्या वाटेला ती त्यानंतर गेली नाही.