अवयवदानाचा ऑनलाइन फॉर्म: नातेवाईकाचा रकाना आणि घरच्यांशी बोलणे

अवयवदानाचा फॉर्म आता मोबाईलवर दहा मिनिटांत भरता येतो. पण भारतात मृत्यूनंतरचे अवयवदान फक्त या फॉर्मवर होत नाही. वेळ आली की रुग्णालय घरच्यांची लेखी संमती मागते, आणि घरच्यांनी नाही म्हटले तर प्रत्यक्षात विषय तिथेच थांबतो. म्हणून या फॉर्ममधला सगळ्यात महत्त्वाचा भाग आम्ही नातेवाईकाचा रकाना मानतो.

फॉर्म कसा भरायचा

केंद्र सरकारच्या 'नोटो' या संस्थेची साइट notto.abdm.gov.in ही आहे. नोंदणी आधार किंवा आभा क्रमांकावर होते. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवरच येतो, त्यामुळे जुना नंबर जोडलेला असेल तर आधी तो बदलून घ्यावा. वय 18 पूर्ण हवे. पुढे रक्तगट आणि आपत्कालीन संपर्क भरायचा, मग कोणते अवयव आणि ऊती द्यायच्या ते निवडायचे. सगळेच निवडावे लागत नाहीत. कुणी फक्त डोळे निवडले तरी चालते. शेवटी प्रमाणपत्र मिळते. त्याची प्रिंट काढून घरच्या कागदपत्रांत ठेवावी. विचार बदलला तर नोंद मागेही घेता येते.

कोणाचे नाव द्यायचे

कायद्याच्या यादीत जवळचे नातेवाईक म्हणजे पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडे. जावई, सून, मेहुणा, चुलत भाऊ या यादीत नाहीत.

समजा, घाटकोपरला राहणाऱ्या एका गृहस्थांनी फॉर्म भरला. थोरला मुलगा दुबईत आहे, बीवी आणि मुलगी घरी आहेत, जावई मुलुंडला राहतो. सवयीने ते थोरल्याचा नंबर देतील, किंवा धावपळ करणारा म्हणून जावयाचा. पण मुलाचा फोन रात्री लागला नाही तर? जावई हॉस्पिटलला सगळ्यांत आधी पोहोचेल, पण यादीतला नातेवाईक म्हणून सही त्याची चालणार नाही. इथे बीवीचे नाव योग्य. मुलीला आणि दुबईच्या मुलालाही त्याच दिवशी सांगून ठेवायचे, कारण अम्मी सही करण्याआधी त्यांनाच विचारणार. नंबर बदलला की नोंदही बदलायची.

घरच्यांना काय सांगायचे

पहिली गोष्ट, ही वेळ नेमकी कशी येते. मूत्रपिंड, यकृत, हृदय हे अवयव साधारणपणे ब्रेन डेथ झालेल्या, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाकडून घेतले जातात. चार डॉक्टरांची समिती निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. त्या वेळी छाती हलत असते, अंग गरम असते. हे आधी माहीत नसेल तर घरच्यांना वाटते, "अजून श्वास चाललाय आणि हे अवयव मागतात!" नकार बहुतेक इथूनच येतो. मृत्यू घरी झाला तर हे अवयव देता येत नाहीत. डोळे आणि त्वचा देता येतात, पण साधारण सहा तासांच्या आत कळवावे लागते.

दुसरी गोष्ट, जायज की नाजायज. उलमांमध्ये यावर एकमत नाही. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने 1988 मध्ये अटींसह परवानगी दिली. देवबंदचे फतवे मात्र याला नाजायज ठरवतात. ब्रेन डेथला मृत्यू मानावे का, यावरही मतभेद आहेत. आयसीयूच्या दारात उभे राहून मौलाना साहेबांना फोन लावण्यापेक्षा, ज्यांचे घरात ऐकले जाते त्या आलिमांना आजच विचारावे. शक्यतो घरच्यांना सोबत नेऊन विचारावे. उत्तर काहीही आले तरी ते सगळ्यांना एकदम कळते.

तिसरी गोष्ट, मय्यत आणि दफन. अवयव काढल्यावर शरीर टाके घालून परत मिळते. गुस्ल, कफन, जनाजा सगळे होते. तपासण्या आणि शस्त्रक्रिया यांमुळे दफनाला काही तास उशीर होतो, हे लपवू नये. अपघाताची केस असेल तर पोस्टमॉर्टम तसेही असते.

बोलताना लांब भाषण नको. रात्री जेवणानंतर एवढे पुरे: "मी फॉर्म भरलाय. कागद कपाटात आहे. वेळ आली तर सही तुम्हाला करावी लागेल. तुम्ही कराल का?" उत्तर 'नाही' आले तर कारण विचारा. बहुतेक वेळा ते वरच्या तीनपैकी एखादे असते, आणि त्यावर बोलायला आज वेळ आहे.

शंका असल्यास नोटोचा मोफत नंबर 1800114770 आहे. महाराष्ट्राचे काम परळच्या केईएम रुग्णालयातले रोटो-सोटो केंद्र पाहते.