प्रस्तावना: कडवे कुठे थांबते

कडवे दोन ओळींचे करावे, तीन की चार, हा प्रश्न नवा कवी बहुधा कविता लिहून झाल्यावर विचारतो. तोवर कागदावर ओळींचे गठ्ठे बांधून झालेले असतात. या पुस्तकात शिरताना तो प्रश्न जरा आधी विचारू, आणि तोही अभंगाच्या अंगणात, कारण मराठी कानाला ती मोजणी ठाऊक आहे.

अभंगाचे दोन घाट. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, शेवटी यमक. मोठ्यात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. शेवटचा चरण तोकडा, म्हणून त्याला साडेतीन चरणी म्हणतात. ऱ्हस्व-दीर्घ इथे मोजत नाहीत, नुसती अक्षरे मोजतात.

आता एकच चित्र दोन्हींत घालून पाहू. ओळी माझ्याच आहेत, त्यामुळे मोडतोड करायला कुणाची परवानगी नको.

आड आटे तरी
रोज जाते माय
थांबतात पाय
काठावर

माय आणि पाय यांचे यमक जुळले की कान समाधान पावतो, वाटते की झाले. पण वाक्य अजून अपुरे असते. उरलेली चार अक्षरे येतात आणि पुढची दोन येतच नाहीत. म्हणणाऱ्याचा श्वास उरतो, शब्द संपतात. बाई काठावर थबकते तशी ओळही थबकते. आता हेच लहान अभंगात:

आड आटे, जाते माय
थांबे काठावर पाय

मोजणी चोख आहे, अर्थही कळतो. पण ‘तरी’ गेले आणि ‘रोज’ गेले, म्हणजे बाईचा हट्ट आणि तिची सवय दोन्ही गेली. ‘काठावर’ ओळीच्या पोटात गेल्याने थबकणेही गेले. उरली ती बातमी.

म्हणून दोन चरण वाईट, असे नाही. हे पाहा:

आड गावाचा आटला
दोर कोरडा वाटला

इथे विचारच दोन पायांचा आहे: एक घडले, दुसरे हाताला जाणवले. याला साडेतीन चरणांत ताणायला गेलात तर ‘आता’, ‘पहा’, ‘कसा’ असे भरतीचे शब्द येऊ लागतील. ते आले की समजावे, कडवे विचारापेक्षा मोठे झाले. ‘तरी’, ‘पण’, ‘रोज’ असे सांधे गळू लागले, तर लहान झाले.

तीन ओळींचे कडवे मात्र अवघड. गुलजारांच्या त्रिवेणीत पहिल्या दोन ओळी स्वतःच्या बळावर पुऱ्या असतात आणि तिसरी त्यांचा अर्थ वळवते. शांता शेळके यांच्या अनुवादामुळे हा प्रकार मराठीत ओळखीचा झाला. तिसरी ओळ झाकून वाचा. काहीच हरवले नाही, तर ती नुसती शेपटी होती.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी वरची तिन्ही कडवी एकदा मोठ्याने म्हणा, आणि ‘काठावर’नंतर किती वेळ गप्प राहावेसे वाटते तेवढे लक्षात ठेवा.