दोषांची उतरंड

पायथॉनमधल्या या तीन ओळी रिव्ह्यूसाठी आल्या आहेत असं समजा. ग्राहकाने वेबसाइटवर लॉग इन न करता मोबाइल नंबर टाकायचा आणि त्याची बिलं दिसायची, एवढंच त्यांचं काम.

```
def getdata(x):
    q = "SELECT * FROM bills WHERE mobile = '" + x + "'"
    return db.execute(q)
```

तपासणारा वरून खाली वाचत येतो. पहिल्याच ओळीत `getdata` हे नाव मोघम वाटतं. `x` म्हणजे काय ते कळत नाही. दुसऱ्या ओळीत नको असलेले रकानेही मागवले आहेत. चौथी गोष्टही त्याच ओळीत आहे. ग्राहकाने टाकलेला मजकूर जसाच्या तसा क्वेरीत चिकटवला आहे. नंबराऐवजी कुणी `' OR '1'='1` असं टाकलं, तर अट नेहमीच खरी ठरते आणि सगळ्या ग्राहकांची बिलं समोर येतात.

ज्या क्रमाने दिसलं त्याच क्रमाने शेरे लिहिले, तर नाव पहिल्या नंबरावर आणि भगदाड चौथ्या. संध्याकाळी घाईत असलेला प्रोग्रॅमर नावं बदलतो, चारातले दोन शेरे मिटले म्हणून खूश होतो आणि उरलेलं उद्यावर टाकतो. म्हणून आता प्रत्येक शेऱ्यावर त्याच्या गांभीर्याची चिठ्ठी लावतात. या चिठ्ठीचं मूळ कॉम्प्युटरच्याही आधीचं आहे. ते टेलिफोनच्या कारखान्यात सापडतं.

अमेरिकेतल्या बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये हॅरल्ड डॉज नावाचे अभियंते मालाच्या तपासणीवर काम करत होते. तयार मालाची प्रत कशी ठरवावी यावर त्यांनी १९२८ साली एक लेख लिहिला. नुसते दोष मोजून भागत नाही, ही त्यामागची अडचण होती. एका फोनवर वीस ओरखडे आहेत, दुसऱ्यावर एकही नाही पण त्यातून आवाजच जात नाही. मोजणीत पहिला वाईट ठरतो, वापरणाऱ्याच्या दृष्टीने दुसरा. यावर बेलमध्ये दोषांचे चार वर्ग रूढ झाले आणि प्रत्येकाला दंडाचे गुण मिळाले: अ वर्गाला १००, ब ला ५०, क ला १०, ड ला १. वस्तू निकामी करणारा किंवा माणसाला इजा करू शकणारा दोष अ वर्गात, दिसण्यातली किंवा कारागिरीतली किरकोळ उणीव ड वर्गात. आता वीस ओरखड्यांचे वीसच गुण होतात, मुका फोन एकट्याने शंभर घेतो.

मात्र हा आकडा मोजपट्टी होता. या महिन्याचा माल गेल्या महिन्याहून सुधारला की बिघडला, हे त्यातून कळायचं. आधी काय दुरुस्त करायचं, हा प्रश्न त्यात नव्हता.

ही कल्पना प्रोग्रॅमच्या तपासणीत ठळकपणे आणली ती आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी. त्यांचा १९७६ चा लेख म्हणजे आजच्या कोड रिव्ह्यूचा मूळपुरुष. चार-पाच जणांनी एकत्र बसायचं, जास्तीत जास्त दोन तास, आणि एकाने कोड आपल्या शब्दांत सांगत जायचं. चूक सापडली की त्यावर उपाय शोधत बसायचं नाही. नोंद करायची आणि पुढे जायचं. त्या नोंदीत चुकीचा प्रकार असे आणि ती ‘मेजर’ की ‘मायनर’ हेही असे. कसोटी सोपी होती: या चुकीमुळे प्रोग्रॅम बिघडेल किंवा भलतंच उत्तर देईल का? हो असेल तर मेजर, नाही तर मायनर.

पण इथेही चिठ्ठीने रांग लावली नव्हती. बैठकीनंतर मॉडरेटरने सगळ्याच नोंदी निकाली निघाल्याची खात्री करायची होती. मेजर-मायनरचा उपयोग मुख्यतः आकडेवारीसाठी.

रांग आली ती सुरक्षेच्या बाजूने, कारण तिथे सगळंच आज दुरुस्त करता येत नाही. सॉफ्टवेअरमधल्या भोकांवर दर महिन्याला ठिगळांचा ढीग येऊ लागला आणि शेकडो मशीन सांभाळणाऱ्या माणसाला एकच गोष्ट हवी होती: आधी कुठलं लावू? मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये आपल्या सूचनांसाठी चार पायऱ्या ठरवल्या. २००५ मध्ये सीव्हीएसएस ही सर्वांसाठीची ० ते १० गुणांची पद्धत आली. तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ९ आणि त्यावरचे गुण म्हणजे ‘क्रिटिकल’. भोकाचा गैरफायदा घेणं किती सोपं आणि त्याने नुकसान किती, या दोन्हींवरून गुण ठरतात. समजा, आपल्या बिलांच्या भोकातून हल्लेखोराला आख्खा डेटाबेस वाचता, बदलता आणि बंद पाडता येतो. लॉग इन लागत नसेल तर गुण ९.८, आणि साधं लॉग इन लागत असेल तर ८.८. ओळ तीच, पण तिच्यापर्यंत कोण पोचू शकतो यावर पायरी बदलते. `getdata` या नावाला मात्र या पट्टीवर जागाच नाही.

अशा शेऱ्यांसाठी वेगळा शब्द रुळला: ‘निट’. इंग्रजीत निट म्हणजे लीख, आपल्याकडे केसांतून काढतात तीच. गूगलने जाहीर केलेल्या रिव्ह्यूच्या नियमावलीतही किरकोळ शेऱ्याआधी `Nit:` लिहावं असं सुचवलं आहे. लेखकाला त्यातून कळतं की हे केलंत तर बरं, पण यासाठी कोड अडवलेला नाही. ‘लिखा नंतर, जखम आधी’ हा निवाडा त्या तीन अक्षरांत येतो.

आता या उतरंडीची मर्यादा. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलने आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती काढली. गडबड या ओळींत होती:

```
if ((err = SSLHashSHA1.update(&hashCtx, &signedParams)) != 0)
    goto fail;
    goto fail;
```

कंस नसल्यामुळे पहिली `goto fail` अटीखाली येते, दुसरी येत नाही. ती प्रत्येक वेळी चालते आणि सही तपासण्याचा पुढचा भाग ओलांडून जाते. तोवर काहीच चुकलेलं नसल्याने `err` मध्ये शून्य असतं, म्हणजे ‘सगळं ठीक’. त्यामुळे मधे बसलेल्या माणसाला खऱ्या वेबसाइटचं सोंग घेता येत होतं. रिव्ह्यूत कुणी ‘इथे कंस टाका, एक ओळ दोनदा आली आहे’ एवढंच म्हटलं असतं, तर तो शेरा दिसायला निटच असता.

म्हणून पायरी शेऱ्याच्या जातीवरून ठरवू नये. नावाबद्दलचा शेरा खाली आणि सुरक्षेबद्दलचा वर, अशी आंधळी वाटणी फसते. `is_valid` नावाचं फंक्शन चूक सापडल्यावर ‘खरं’ असं उत्तर देत असेल, तर ते नावही वरच्या पायरीवर जातं, कारण त्याच्या भरवशावर कुणीतरी दार उघडणार आहे. प्रत्येक शेऱ्याला फेगन यांचाच प्रश्न विचारायचा: हे असंच राहिलं तर काय बिघडेल? आणि उत्तर शेऱ्यातच एका वाक्यात लिहायचं. ‘क्रिटिकल’ एवढ्याच शब्दावर वाद होतो. ‘लॉग इन न करता सगळ्यांची बिलं दिसतात’ यावर होत नाही.

ॲपलच्या त्या ओळींसारखी फसवी मांडणी आता माणसाच्या नजरेवर सोडावी लागत नाही. २०१६ मध्ये आलेल्या जीसीसीच्या सहाव्या आवृत्तीपासून `-Wall` लावलं की कंपायलर स्वतःच तिच्याबद्दल इशारा देतो.