श्वसन, आवर्ती
श्वास क्रमाने खोल होत जाणे, उथळ होणे, काही सेकंद थांबणे आणि पुन्हा सुरू होणे, असा फेरा. जॉन चेन (1818) व विल्यम स्टोक्स (1854) या डब्लिनच्या वैद्यांनी त्याचे वर्णन केले.

हा फेरा समजण्यासाठी श्वसनाची दोन नियंत्रणे पाहावी लागतात. फुप्फुस फुगले की त्यातील ताणग्राहींचा संदेश व्हेगस मज्जातंतूतून मेंदूत जातो आणि श्वास घेणे थांबते. हा हेरिंग-ब्रॉयर प्रतिक्षेप (1868) त्याच श्वासात काम करतो, त्यामुळे फेरा त्यातून उद्भवत नाही.

दुसरे नियंत्रण रासायनिक आहे आणि फेरा त्याच्या विलंबातून येतो. फुप्फुसातून निघालेले रक्त मानेतील व मेंदूतील ग्राहींपर्यंत पोहोचेपर्यंत काही सेकंद जातात. हृदय दुर्बळ असल्यास हा विलंब वाढतो. खोल श्वासांनी कार्बन डायऑक्साइड घटला, तरी मेंदूला ते उशिरा कळते. तोवर घट गरजेपेक्षा जास्त होऊन श्वास थांबतो. श्वास थांबल्यावर होणारी त्याची वाढही तशीच उशिरा कळते, म्हणून फेरा चालू राहतो.

मात्र केवळ विलंब पुरेसा नसतो. ग्राहींचा प्रतिसादही तीव्र असावा लागतो. उंच पर्वतावर रक्ताभिसरण निरोगी असूनही झोपेत असे फेरे येतात, कारण ऑक्सिजनच्या कमतरतेने तो प्रतिसाद तीव्र होतो. हृदयविकारात फेरा साधारण मिनिटभराचा, पर्वतावर बराच लहान असतो. बोटावरील ऑक्सिमीटरचा नीचांक श्वास पुन्हा सुरू झाल्यावर दिसतो, त्यातूनही विलंब जाणवतो.