द्विस्तरीय प्रवेश परीक्षेतील पात्रता यादीचा आकार : आय.आय.टी. प्रवेश परीक्षेचा ऐतिहासिक अभ्यास (२००० ते २०२४)

प्रस्तावना :
जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यात आष्टी हे गाव आहे. येथील किंवा अशाच एखाद्या गावातील विज्ञान शाखेचा विद्यार्थी जेव्हा आय.आय.टी.चे स्वप्न पाहतो, तेव्हा त्याला दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली परीक्षा 'जेईई मेन' आणि दुसरी 'जेईई अॅडव्हान्स्ड'. पहिल्या परीक्षेत 'पास' होण्यासाठी किती गुण लागतात, असा प्रश्न विद्यार्थी व पालक नेहमी विचारतात. वस्तुतः अशी गुणांची रेषा आधी ठरलेलीच नसते. आधी ठरते ती माणसांची संख्या आणि त्या संख्येवरून गुणांची रेषा आपोआप निघते. ही संख्या कशी ठरत गेली व तिचे परिणाम काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चाळणी परीक्षेचा उगम :
आय.आय.टी.ची संयुक्त प्रवेश परीक्षा १९६१ पासून अनेक दशके एकाच टप्प्यात होत असे. तिच्या उत्तरपत्रिका वर्णनात्मक असत व त्या प्राध्यापकांना हाताने तपासाव्या लागत. उमेदवारांची संख्या वाढत गेली तसे हे काम आवाक्याबाहेर जाऊ लागले. म्हणून २००० साली वस्तुनिष्ठ स्वरूपाची चाळणी परीक्षा सुरू झाली आणि तीतून निवडलेल्यांनाच वर्णनात्मक मुख्य परीक्षेस बसता येऊ लागले. म्हणजेच पहिल्या टप्प्याचा मूळ हेतू गुणवत्तेचा अंतिम निवाडा करणे हा नव्हता. दुसऱ्या टप्प्यावर जेवढ्या उत्तरपत्रिका नीट तपासता येतील, तेवढेच उमेदवार पुढे पाठविणे हा होता. २००६ मध्ये संपूर्ण परीक्षा वस्तुनिष्ठ झाली. तपासणीची अडचण दूर होताच चाळणी परीक्षाही रद्द झाली, हे या दृष्टीने सूचक आहे.

२०१३ ची पुनर्रचना :
२०१२ मध्ये केंद्र शासनाने सर्व अभियांत्रिकी संस्थांसाठी एकच परीक्षा सुचविली. कानपूर व दिल्ली येथील आय.आय.टी.मधून तिला विरोध झाला. तडजोड म्हणून २०१३ पासून पुन्हा दोन टप्पे आले. जेईई मेनमधील वरच्या १ लाख ५० हजार उमेदवारांना अॅडव्हान्स्डला बसण्याची मुभा मिळाली. अंतिम क्रमांक मात्र केवळ अॅडव्हान्स्डच्या गुणांवर ठरू लागला. त्यासोबत उमेदवार आपापल्या शिक्षण मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावा, अशी अट आली. त्यामुळे महाराष्ट्र मंडळाच्या विद्यार्थ्याची तुलना त्याच मंडळाच्या विद्यार्थ्यांशी होऊ लागली.

संख्या कशी वाढली :
ही मर्यादा २०१६ मध्ये २ लाख, २०१७ मध्ये २ लाख २० हजार, २०१८ मध्ये २ लाख २४ हजार, २०१९ मध्ये २ लाख ४५ हजार व २०२० पासून २ लाख ५० हजार झाली. वरवर पाहता दार अधिकाधिक उघडत गेल्यासारखे वाटते. परंतु याच काळात जागाही वाढल्या. २०१३ मध्ये जागा दहा हजारांच्या आसपास होत्या, तर २०२४ मध्ये १७,७४० होत्या. पहिल्या वर्षी एका जागेमागे सुमारे १५ आणि २०२४ मध्ये सुमारे १४ उमेदवार पात्र ठरले. म्हणजे यादी मोठी झाली, पण जागांशी असलेले तिचे प्रमाण जवळपास तेच राहिले.

हे प्रमाण इतके मोठे का ठेवावे लागते, याची दोन कारणे दिसतात. पहिले असे की, पहिल्या परीक्षेतील थोड्या गुणांच्या फरकावर भरवसा ठेवता येत नाही. एका प्रश्नाच्या चुकीने रेषेखाली गेलेला विद्यार्थी दुसऱ्या, अधिक कठीण परीक्षेत पुढे जाऊ शकतो. जागा जेवढ्या, तेवढेच उमेदवार निवडले तर पहिलीच परीक्षा खरी निवड परीक्षा ठरेल. दुसरे असे की, पात्र ठरलेले सगळे पुढे जात नाहीत. २०२४ मध्ये अडीच लाखांच्या मर्यादेतून प्रत्यक्षात १,८०,२०० उमेदवारांनीच अॅडव्हान्स्डच्या दोन्ही प्रश्नपत्रिका दिल्या.

संख्येपासून गुणरेषेपर्यंत :
२०२४ चे उदाहरण घेतल्यास ही पद्धत स्पष्ट होते. अडीच लाखांपैकी २७ टक्के म्हणजे ६७,५०० इतर मागासवर्गीय, १५ टक्के म्हणजे ३७,५०० अनुसूचित जाती, ७.५ टक्के म्हणजे १८,७५० अनुसूचित जमाती व १० टक्के म्हणजे २५,००० आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक अशी विभागणी होती. उरलेले १,०१,२५० सर्वांसाठी खुले होते. प्रत्येक गटात ५ टक्के दिव्यांगांसाठी होते. खुल्या गटातील असे ५,०६३ वजा केल्यास ९६,१८७ उरतात.

त्या वर्षी सुमारे १४ लाख १५ हजार उमेदवारांनी जेईई मेन दिली होती आणि खुली रेषा ९३.२४ पर्सेंटाइलवर आली. या रेषेच्या वर सुमारे पावणेसात टक्के उमेदवार येतात. चौदा लाख पंधरा हजारांचे पावणेसात टक्के म्हणजे साधारण साडेपंच्याण्णव हजार. वरील ९६,१८७ या संख्येशी हा आकडा जुळतो. रेषा संख्येतूनच निघते, याची ही पडताळणी होय. २०२१ मध्ये सुमारे ९ लाख ३९ हजारांनी परीक्षा दिली होती आणि रेषा ८७.९० वर होती. यादीचा आकार तोच राहिला, उमेदवार वाढले आणि रेषा वर सरकली.

याउलट २०१४ मध्ये खुली रेषा ३६० पैकी ११५ गुणांवर होती, ती २०१८ मध्ये ७४ वर आली. त्यावरून विद्यार्थ्यांचा दर्जा घसरला असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. या काळात यादीचा आकार दीड लाखावरून सव्वादोन लाखांजवळ गेला होता आणि प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळीही दरवर्षी सारखी नव्हती. तसेच गुण पूर्णांकात असल्याने ७४ गुणांवर अनेक उमेदवार एकत्र येत. समान गुणांच्या सर्वांना घ्यावे लागे. त्यामुळे २०१८ मध्ये २ लाख २४ हजारांऐवजी २,३१,०२४ उमेदवार पात्र ठरले.

२०१८ चा धडा :
त्याच वर्षी दुसऱ्या टप्प्यात उलट पद्धतीचा दोष उघड झाला. अॅडव्हान्स्डच्या यादीसाठी किमान गुण आधीच ठरलेले होते. ती रेषा केवळ १८,१३८ उमेदवारांनी ओलांडली. जागा अकरा हजारांहून अधिक असल्या तरी सर्व प्रवर्गांतील जागा भरण्यास ही यादी अपुरी ठरण्याची भीती निर्माण झाली. शासनाच्या निर्देशानुसार प्रत्येक प्रवर्गात जागांच्या दुप्पट उमेदवार असतील अशी विस्तारित यादी काढण्यात आली. तीत १३,८४२ नावांची भर पडून एकूण संख्या ३१,९८० झाली. परीक्षा तीच, उत्तरेही तीच, तरी हजारो विद्यार्थी 'अपात्र'चे 'पात्र' झाले.

निष्कर्ष :
पहिल्या टप्प्याची गुणरेषा ज्ञानाची किमान पातळी दाखवीत नाही. ती उपलब्ध जागा, जागांचे ठरविलेले पट आणि त्या वर्षी परीक्षा देणाऱ्यांची संख्या यांचा परिणाम असते. किमान गुण आधी ठरविल्यास जागा रिकाम्या राहण्याचा धोका असतो, तर संख्या आधी ठरविल्यास रेषा दरवर्षी हलते. म्हणून मागील वर्षीच्या रेषेवर भिस्त ठेवून अभ्यासाचे लक्ष्य ठरविणारा विद्यार्थी फसू शकतो. २०२१ ची रेषा डोळ्यांसमोर ठेवून ८९ पर्सेंटाइल मिळविणारा खुल्या गटातील उमेदवार २०२४ मध्ये यादीबाहेर राहिला असता.