दादांच्या वहीचं एक पान

दादा, म्हणजे माझ्या अब्बांचे वडील, निजामाच्या राज्यात शिकले. त्यांची एक शाळेची वही सोनपेठच्या घरात ट्रंकेत सापडली. उजवीकडून उघडली तर उर्दू, डावीकडून उघडली तर मराठी. दोन्ही मधल्या कोऱ्या पानांपाशी भेटतात. कागद आता घडीवर तुटू लागलाय, म्हणून मराठी बाजूचं एकेक पान मी कॉम्प्युटरवर उतरवतोय.

पहिलं पान मी उतरवलं ते सरळ बिघडवलं. मास्तर ना मी! हात आपोआप 'शुद्ध' करत गेला. 'कांठीं'चं 'काठी' झालं, 'शेतें'चं 'शेते'. वाचून पाहिलं तर ते माझ्याच वर्गातल्या पोराचं लिखाण वाटत होतं.

ते अनुस्वार शाईचे डाग नव्हते. डाग कुठेही पडतो. हे टिंब मात्र नेमक्या जागी येतं: 'पावसाळ्यांत', 'खालीं', नपुंसकलिंगी अनेकवचनी 'शेतें'. असे न उच्चारले जाणारे अनुस्वार 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी गेले. त्याआधीच्या मुलानं टिंब दिलं तर तो बरोबरच लिहीत होता.

दुसरी चूक रेघांची. पानावर दोन तऱ्हेच्या अधोरेखा आहेत. मथळ्याखाली काळ्या शाईची, फूटपट्टीनं मारलेली. एका ओळीत शब्दांखाली लाल, हातानं ओढलेली, ती मास्तरांची. साध्या मजकुरात अधोरेखा टिकत नाही, म्हणून मथळ्याखाली मी स्वतंत्र ओळीत आडव्या रेघा टाकतो. लाल रेघ चौकटी कंसात सांगतो, नाहीतर चूक दाखवलेला शब्दच मथळा होऊन बसतो.

```
[वर उजवीकडे, उर्दूत] 8 बहमन 1357 फ.

गोदावरी नदी
-----------
गोदावरीचे कांठीं लोक शेती कर-
तात. पावसाळ्यांत पूर येतो व
शेतें पाण्या खालीं [लाल रेघ] जातात.
```

'कर-तात' मी जोडलं नाही. वहीत ओळ जिथं मोडली तिथंच इथं मोडते, म्हणजे मूळ पानाशेजारी ठेवून बोटानं ओळीओळीनं ताडता येतं. ओळी मोजल्या की गाळलेली लगेच कळते. 'पाण्या खालीं' हे तुटकच ठेवलं. मास्तरांनी लाल रेघ का मारली ते त्यावरूनच कळतं.

तारीख मात्र मला बराच वेळ अडवून बसली. 1357 हे हिजरी धरलं तर 1938 च्या सुमाराला जातं, आणि तेव्हा दादा पाळण्यात होते. शेवटचा 'फ.' फसलीचा. हैदराबाद संस्थानात सरकारी कामकाज फसली सालानं चाले आणि वर्ष ऑक्टोबरात आजर महिन्यानं सुरू होई. आजर, दै, मग बहमन. सालात 590 मिळवले की 1947, म्हणजे हे पान डिसेंबर 1947 मधलं. बाहेर देश स्वतंत्र झालेला, संस्थान अजून निजामाचंच, आणि वर्गात गोदावरीचा पूर चालू आहे.

फसलीची इसवी मी मजकुरात घातली नाही. ती फाईलच्या तळाशी, माझी टीप म्हणून वेगळी आहे. उर्दू बाजू अजून हाती घेतलेली नाही. तिथं पहिलं पान कुठलं हे आधी ठरवायला लागेल.