सट्ट्याचा तोटा सट्ट्यातच का जिरवावा लागतो?

१/ १९८३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईच्या एका कंपनीचा दीड लाख रुपयांचा तोटा निर्णयासाठी आला. हा तोटा धंद्यातला की सट्ट्यातला, एवढाच प्रश्न होता. पण कर त्याच्याच उत्तरावर अवलंबून होता. आयकर कायद्यात ही विभागणी का आली, ते या धाग्यात पाहू.

२/ मित्रहो, माल न हलवता केलेले सौदे मुंबईला फार जुने. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात शेअरांचे वेड पसरले. कितीतरी वायद्यांची मुदत १ जुलै १८६५ होती. त्याआधीच युद्ध संपले, भाव कोसळले आणि ठरलेला फरक चुकता करणे अनेकांना अशक्य झाले. शेअर हाती घेण्याचा हेतू बहुतेकांचा नव्हताच; हिशेब केवळ फरकाचा होता.

३/ फरकाच्या सौद्याचा एक गुण करचुकवेगिरीला सोयीचा ठरला. खऱ्या खरेदीमागे गोदामातली नोंद, रेल्वेची पावती, हमालीचा खर्च असा माग राहतो. फरकाच्या सौद्याला दोन वह्या आणि दोन चिठ्ठ्या पुरतात. भाव कळल्यावर मागची तारीख घालून तोट्याची चिठ्ठी भरपूर नफा असलेल्या व्यापाऱ्याच्या नावे आणि नफ्याची चिठ्ठी करपात्र उत्पन्न नसलेल्याच्या नावे लिहिता येई. १९२२ च्या कायद्यात एका धंद्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा होत असे. त्यामुळे तोटा ही विकत घेण्याची वस्तू बनली.

४/ १९५३ च्या दुरुस्तीने ही वाट अडवली. वस्तूची वा शेअरांची प्रत्यक्ष पोच न होता निकालात निघणारा सौदा म्हणजे सट्टा, अशी व्याख्या झाली. आणि त्याचा तोटा सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होईल, असे ठरले. १९६१ च्या कायद्यात हेच तत्त्व कलम ४३(५) आणि कलम ७३ मध्ये आले. सट्टा करणे यामुळे गुन्हा ठरले नाही. त्याच्या तोट्याभोवती केवळ भिंत उभी राहिली.

५/ पनवेलच्या बाजारपेठेतला एक तांदूळ व्यापारी कल्पून पाहा. दुकानाचा नफा ६ लाख. शेअर सकाळी घेऊन संध्याकाळी विकण्याच्या, म्हणजे इंट्राडेच्या, व्यवहारात तोटा २ लाख. शेअर त्याच्या खात्यात आलेच नाहीत, म्हणून हा सट्टा. कर ४ लाखांवर नव्हे, ६ लाखांवर मोजला जाईल. पुढच्या वर्षी इंट्राडेत ५० हजार मिळाले, तर त्यातून जुना तोटा वजा होईल आणि दीड लाख उरेल. तो चार वर्षांपर्यंतच पुढे नेता येतो, तोही विवरणपत्र मुदतीत भरले असेल तरच. उलट दिशेने मात्र दार उघडे आहे: दुकानात तोटा आणि सट्ट्यात नफा असेल, तर वजावट मिळते.

६/ भिंतीला काही दारे आरंभापासून होती. गिरणीमालकाने कापड पुरवण्याचा करार आधीच केला असेल, तर कापूस महागण्याच्या भीतीने तो कापसाचा वायदा करतो. पोच झाली नाही तरी हा सट्टा नव्हे, कारण हाती असलेल्या खऱ्या धंद्याचे ते संरक्षण आहे. वायदा मात्र त्या धंद्याच्या गरजेपुरताच हवा.

७/ आता तो खटला. शांतिलाल प्रायव्हेट लिमिटेडने २०० किलो फोलिक अॅसिड ४४० रुपये किलोने विकण्याचा करार केला. भाव २,००० रुपयांपर्यंत चढला; कंपनीने माल दिला नाही. प्रकरण लवादाकडे गेले आणि दीड लाखाची भरपाई द्यावी लागली. माल पोचला नाही, तेव्हा हा सट्टा, असे आयकर अधिकाऱ्याचे म्हणणे. न्यायालयाने ते मानले नाही: करार निकालात काढणे वेगळे, करार मोडल्याची भरपाई देणे वेगळे. येथे करार मोडला होता. तोटा धंद्याचाच ठरला.

८/ पुढे २००५ च्या वित्त कायद्याने मान्यताप्राप्त शेअर बाजारातले फ्यूचर्स व ऑप्शन्स सट्ट्याच्या व्याख्येतून वगळले. तेथेही पोच बहुधा होत नाही. पण प्रत्येक सौद्याची वेळ संगणकावर नोंदली जाते, म्हणून मागची तारीख घालता येत नाही. आपल्या व्यापाऱ्याचे २ लाख येथे गेले असते, तर ते दुकानाच्या नफ्यातून वजा झाले असते. पगारातून मात्र धंद्याचा कोणताच तोटा वजा होत नाही.

९/ इंट्राडेचे सौदेही आज त्याच संगणकावर नोंदले जातात. मागची तारीख तेथेही घालता येत नाही. तरीही ते भिंतीच्या आतच राहिले. चिठ्ठ्यांचा काळ सरला, पण त्यांच्यासाठी केलेली व्याख्या पनवेलच्या त्या दुकानदाराचा कर आजही ठरवते.